लायसन्स कोणाचं, संरक्षण कोणाला?

(तेल्हारा येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



जुगार हराम आहे हे आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलं आहे. ते सांगायला मी आलेलो नाही. ते माहीत असूनही आपली मुलं मोबाईलवर खेळतात, आणि खेळताना स्वतःची एक समजूत काढतात. आज मी त्या समजुतीबद्दल बोलणार आहे. ती समजूत अशी : "हा काही मटका नाही. या अ‍ॅपला लायसन्स आहे. खाली शिक्का आहे, बघा."

शिक्का खरोखर असतो. पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही कंपनी अमुक देशाच्या नियामकाकडे नोंदलेली आहे. तो देश बरेचदा कुरासाव असतो. दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेला समुद्रात हे एक बेट आहे. त्याची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या अकोला शहरापेक्षा कितीतरी कमी. तेल्हाऱ्यात बसलेल्या मुलाला त्या बेटाचं सरकार नेमकं काय देतं, हे आपण नीट समजून घेऊ.

लायसन्स म्हणजे नियामकाने कंपनीला दिलेली धंद्याची परवानगी. कंपनी फी भरते, काही अटी मान्य करते. त्या अटींतल्या काही खेळणाऱ्याच्या उपयोगाच्या असतात, हे मी नाकारत नाही. चांगल्या नियामकाकडे, उदाहरणार्थ ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनकडे, तीन गोष्टी पाहिल्या जातात. खेळाचं यंत्र जाहीर केलेल्या नियमाप्रमाणेच चालतं का, हे तपासलं जातं. अटी खेळाडूला आधी दाखवाव्या लागतात. आणि वाद झाला तर तो त्रयस्थाकडे नेण्याची सोय ठेवावी लागते.

यातली पहिली गोष्ट सगळ्यांत जास्त गैरसमजाची आहे. यंत्र "प्रामाणिक" आहे म्हणजे तुम्ही जिंकाल असं नाही. मटक्याचंच उदाहरण घ्या. दहा आकड्यांपैकी एक लावला आणि लागला, तर एकाला नऊ मिळतात. दहा रुपये लावले तर नव्वद. पण दहा वेळा प्रत्येकी दहा रुपये लावले तर सरासरी एकदाच आकडा लागणार. शंभर गेले, नव्वद आले. आकडा कोणीही न फिरवता, अगदी प्रामाणिकपणे काढला तरी दर शंभरामागे दहा रुपये चालवणाऱ्याकडे राहतात.

लायसन्सवाल्या स्लॉट खेळातही हेच गणित आहे, फक्त टक्का कमी. तिथे लिहिलेलं असतं, "परतावा ९६ टक्के". मुलाला वाटतं, दोन हजार टाकले तर वाईटात वाईट एकोणीसशे वीस परत येतील. तसं नाही. ९६ टक्के हा तुम्ही भरलेल्या रकमेवर नसतो, प्रत्येक डावावर असतो. वीस रुपयांचा एक डाव, मिनिटाला दहा डाव, म्हणजे तासाला सहाशे डाव. तासाभरात बारा हजार रुपयांचे डाव लागले. त्याचे चार टक्के म्हणजे चारशे ऐंशी रुपये. सरासरीने दोन हजार रुपये चार-सव्वाचार तासांत संपतात. एखाद्याचे अर्ध्या तासात संपतील, एखादा त्या दिवशी जिंकेलही, पण महिनाभर खेळणाऱ्याचं गणित या सरासरीकडेच जातं. यात कुठेही फसवणूक झालेली नाही. नियामकाने हेच तर तपासून पास केलेलं आहे.

आता दुसरी गोष्ट, अटींची. समजा आपला एक मुलगा पाच हजार भरतो. अ‍ॅप म्हणतं, पाच हजार बोनस घ्या. अट लिहिलेली आहे : बोनसच्या पस्तीस पट डाव लावल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. पाच हजाराचे पस्तीस पट म्हणजे एक लाख पंचाहत्तर हजार. त्यावर चार टक्के धरले तर सरासरी तोटा सात हजार. म्हणजे पाच हजारांचा बोनस मिळवायला सात हजार घालवायचे. तो मुलगा तक्रार करेल तर नियामक काय विचारणार? अट दाखवली होती का? दाखवली होती. तुम्ही मान्य केली होती का? केली होती. तक्रार संपली. लायसन्स तुम्हाला लपवलेल्या अटीपासून वाचवू शकतं. वाचून किंवा न वाचता मान्य केलेल्या वाईट अटीपासून वाचवत नाही.

तिसरा प्रश्न पैशाचा. कंपनी बुडाली तर माझ्या खात्यातल्या रकमेचं काय? बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, हे आपल्याला माहीत आहे. जुगाराच्या खात्याला तसं काही असेल असं लोक धरून चालतात. ब्रिटनमध्येसुद्धा तसं नाही. तिथे कंपनीने फक्त सांगायचं असतं की खेळाडूंच्या पैशाला संरक्षण नाही, मध्यम आहे की जास्त आहे. "संरक्षण नाही" असं लिहूनही लायसन्स चालू राहू शकतं.

याचं खरं उदाहरण सांगतो. फुटबॉल इंडेक्स नावाची एक ब्रिटिश कंपनी होती. २०१५ मध्ये सुरू झाली, गॅम्बलिंग कमिशनचं लायसन्स होतं. तिथे लोक फुटबॉलपटूंचे "शेअर" विकत घेत आणि खेळाडू चांगला खेळला की त्यावर लाभांश मिळे. भाषा शेअर बाजाराची होती, पण कायद्याने ते साधे डाव होते. मार्च २०२१ च्या सुरुवातीला कंपनीने लाभांश एकदम खाली आणला. भाव कोसळले. ११ मार्चला कमिशनने लायसन्स स्थगित केलं आणि धंदा बंद झाला. ज्यांचे पैसे रोख स्वरूपात खात्यात पडून होते, त्यांच्यासाठी वेगळं ट्रस्ट खातं होतं, त्यामुळे त्यांना कोर्टाच्या मार्गाने दाद मिळाली. पण ज्यांनी ते पैसे "शेअर"मध्ये घातले होते, त्यांचे डाव अडकले. ती रक्कम अंदाजे नऊ कोटी पौंड होती, म्हणजे सुमारे नऊशे कोटी रुपये. सरकारने भरपाई दिली नाही. पुढे सरकारने नेमलेल्या स्वतंत्र चौकशीत नियामकाने आधीच हालचाल करायला हवी होती, असं निघालं.

हे जगातल्या कडक समजल्या जाणाऱ्या नियामकाच्या देशात, त्याच देशाच्या नागरिकांसोबत झालं. आता कुरासावकडे या. तिथे अनेक वर्षं फक्त चार कंपन्यांकडे मूळ लायसन्स होतं आणि त्या पुढे शेकडो साइटना पोट-लायसन्स विकत. म्हणजे शेत एकाचं, बटईने दुसऱ्याला, आणि मालकाला पिकात काय आहे ते ठाऊक नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे नवा कायदा आला आणि साइटला थेट नियामकाकडून परवानगी घेणं भाग पडलं. सुधारणा झाली हे खरं. पण तेल्हाऱ्यातल्या मुलाला त्याने काय मिळतं, ते आता बघू.

कारण सगळ्यांत मोठी अडचण त्या बेटावर नाही, इथे आहे. आपल्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं, १८७२ च्या कायद्याचं, कलम ३० सांगतं की पैजेचा करार निरर्थक आहे आणि जिंकलेले पैसे वसूल करण्यासाठी दावा चालणार नाही. म्हणजे अ‍ॅपने तुमचे जिंकलेले पन्नास हजार अडवले, तर अकोल्याच्या कोर्टात तुम्ही ते मागू शकत नाही. त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे पैसे फिरवणं हा त्यात गुन्हा आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. परदेशी लायसन्स या कायद्यापुढे कामाला येत नाही.

म्हणून पैसे कसे जातात ते बघा. अ‍ॅपमध्ये पैसे भरायला गेलात की एक यूपीआय आयडी येतो. आज तो कुठल्या किराणा दुकानाच्या नावाचा, उद्या कोणा अनोळखी माणसाच्या नावाचा. लायसन्सवाल्या कंपनीचं नाव तिथे कधीच दिसत नाही. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. त्याच खात्यात कोणाच्या तरी फसवणुकीचेही पैसे आलेले असतात. तुम्ही हजार रुपये जिंकलात आणि ते त्या खात्यातून तुमच्याकडे आले, तर पैशाचा माग काढणारे सायबर पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक तुमचं खातं गोठवू शकते. त्याच खात्यात कापसाचे किंवा शिष्यवृत्तीचे पैसे असतील तर तेही अडकतात. तुमचा व्यवहार बेटावरच्या कंपनीशी झालाच नाही, तर बेटावरचा नियामक कोणत्या व्यवहाराची तक्रार ऐकणार?

इथे एक गोष्ट मला विशेष सांगायची आहे. "तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो" असं कोणी म्हटलं, तर तो जुगार खेळण्यापेक्षा मोठा खड्डा आहे. खेळणारा पैसे घालवतो. खातं देणारा आरोपी होतो, कारण नाव, आधार, सही सगळं त्याचं असतं.

शिक्का खरा की खोटा हे ओळखता येतं. खऱ्या शिक्क्यावर दाबलं की नियामकाच्या स्वतःच्या साइटवर जाऊन तिथे त्याच पत्त्याची नोंद दिसली पाहिजे. एक अक्षर वेगळं असलं तरी ती नोंद त्या साइटची नाही. नुसतं चित्र उघडलं, किंवा काहीच झालं नाही, तर शिक्का चिकटवलेला आहे. पण शिक्का खरा निघाला तरी वर सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लागू राहतं.

आपल्या शेजारचं उदाहरण सांगून थांबतो. गोव्यात मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं आहेत. ती कायदेशीर आहेत, सरकारच्या परवान्याने चालतात आणि सरकारला महसूल देतात. पण फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना तिथे खेळायला बंदी आहे. परवाना देणाऱ्या राज्याने आपल्या माणसांना दारातच अडवलं. तेल्हाऱ्याहून गेलेल्या माणसाला मात्र ते आत घेतात.

ज्यांचं खातं गोठलं आहे किंवा ज्यांची फसवणूक झाली आहे, त्यांनी लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करता येते, आणि ती पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत केली तरच पुढच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता राहते. घरी सांगायची भीती वाटत असेल तर आधी एखाद्या मित्राला सोबत घ्या, पण त्याच दिवशी करा.