व्याज मागायचं पत्र: चार दुरुस्त्या

आजचा विषय एका पानाचा आहे. म्हणजे खरोखरच एक पान: मोठ्या कंपनीला माल दिला, पैसे उशिरा आले किंवा आलेच नाहीत, तर व्याज मागायचं पत्र कसं लिहायचं.

समजा हिंगण्याच्या एमआयडीसीत तुमच्या बाबांचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. उद्यम नोंदणी आहे, सूक्ष्म उद्योग म्हणून, आणि ती ऑर्डर येण्याच्या आधीची. 1 एप्रिल 2024 ला मुंबईच्या एका मोठ्या कंपनीला 5 लाखांचा माल पोहोचवला. पर्चेस ऑर्डरवर लिहिलंय, पेमेंट 90 दिवसांत. नोव्हेंबर उजाडला तरी पैसे नाहीत. बाबांनी पत्र लिहिलं ते असं:

"आदरणीय साहेब, आमचे पैसे खूप दिवसांपासून थकले आहेत. कामगारांचे पगार द्यायचे आहेत. कृपया लवकर द्यावेत, अन्यथा 24 टक्के व्याज लावू आणि पोलिसांत व पेपरात जाऊ."

वाचून वाईट वाटतं ना? पण कंपनीच्या अकाउंट्स खात्यात हे पत्र वाचणाऱ्या माणसाला यात करण्यासारखं काहीच सापडत नाही. तारीख नाही, हिशेब नाही, कायदा नाही. आता हेच पत्र दुरुस्त करूया.

पहिली दुरुस्ती तारखेची. "खूप दिवसांपासून" हे खोडा. 2006 चा एमएसएमईडी कायदा सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं पेमेंट ठरलेल्या मुदतीत द्यायचं, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर 15 दिवस. म्हणजे पीओवर 90 लिहिलं असलं तरी कायद्याला 45 च दिसतात. आणि माल स्वीकारला कधी? पोहोचल्यापासून 15 दिवसांत कंपनीने लेखी हरकत घेतली नसेल, तर माल पोहोचला तोच दिवस स्वीकारल्याचा धरतात. म्हणून पत्रात बिलाची तारीख पुढे करू नका, चलनावरच्या शिक्क्याची करा. आपल्या उदाहरणात 45 दिवस 16 मे ला संपले. व्याज 17 मे पासून सुरू.

इथे एक खाचखळगा आहे. कंपनीने त्या 15 दिवसांत "वेल्डिंगमध्ये दोष आहे" असा मेल टाकला असेल, तर दोष दूर करून दिल्यापासून दिवस मोजायचे. तो मेल लपवून पत्र लिहिलं, तर पहिल्याच उत्तरात पत्राची हवा जाते.

दुसरी दुरुस्ती दराची. बिलाच्या तळाशी छापलेले 24 टक्के विसरा. कलम 16 प्रमाणे दर आहे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, आणि व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवायचं, म्हणजे चक्रवाढ. रेपो रेट नाही हं, बँक रेट. दोन्ही वेगळे आहेत आणि गडबड इथेच होते. 2024 च्या त्या महिन्यांत बँक रेट 6.75 टक्के होता. तिप्पट केला की 20.25, म्हणजे महिन्याला 1.6875 टक्के. 17 मे ते 16 नोव्हेंबर असे पूर्ण सहा महिने धरले तर 5 लाखांवर व्याज होतं 52,809 रुपये. साधं व्याज धरलं असतं तर 50,625 आलं असतं. मधल्या काळात बँक रेट बदलला असेल तर टप्पे पाडून दाखवा. हा हिशेब पत्राच्या मागे तक्त्यात जोडा आणि मुद्दल, व्याज वेगळ्या रकान्यांत ठेवा. 24 टक्के मागितले असते तर समोरच्याने तेवढंच धरून अख्खं पत्र वादात टाकलं असतं.

तिसरी दुरुस्ती धमकीची. पोलिस, पेपर हे सगळं काढा. पैसे थकणं हा एकट्याने पोलिसांचा विषय होत नाही आणि समोरचा ते ओळखतो. त्याऐवजी तुम्ही खरोखर कुठे जाणार ते लिहा: "15 दिवसांत रक्कम न मिळाल्यास आम्ही कलम 18 नुसार नागपूर येथील सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करू." कंपनी मुंबईची असली तरी पुरवठादार जिथला, तिथल्या परिषदेला अधिकार आहे. अर्ज ऑनलाइन होतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "पीओमध्ये लवादाचं कलम आहे, मुंबईला या." गंमत म्हणजे हा वाद नागपुरातच गाजलाय. 2010 मध्ये स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया विरुद्ध नागपूरची हीच परिषद, या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं होतं की दोघांत लवादाचा करार असेल तर तो कायम राहतो. पण ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाली फूड्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उलट सांगितलं: खासगी लवाद करार असला तरी पुरवठादार परिषदेकडे जाऊ शकतो, हा कायदा वरचढ आहे. त्याच निकालात हेही आहे की माल दिल्यानंतर नोंदणी करून मागच्या मालासाठी फायदा मागता येत नाही. म्हणून उद्यम प्रमाणपत्राची प्रत जोडा आणि नोंदणीची तारीख पत्रातच लिहा.

चौथी दुरुस्ती सगळ्यात कमी लोक करतात. पत्राचा शेवट. "सहकार्याबद्दल धन्यवाद" च्या आधी एक ओळ घाला: "सोबतच्या तक्त्यातील बाकी आपल्या खात्याशी जुळते का, हे 7 दिवसांत लेखी कळवावे." का? तुम्ही कितीही पत्रं पाठवा, त्याने दाव्याची तीन वर्षांची मुदत वाढत नाही. मुदत संपायच्या आत समोरच्याने सही करून बाकी मान्य केली, तर ती नव्याने मोजली जाते. जुलै 2025 मध्ये सोनाली पॉवर इक्विपमेंट्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की परिषदेतल्या समेटाला मुदतीचा कायदा आड येत नाही, पण समेट फसून लवाद सुरू झाला की तो लागू होतो. म्हणजे जुन्या बाकीवर चहा पीत बोलणी होतील, वसुलीची खात्री नाही.

आता बाबांचा खरा प्रश्न. "असं पत्र पाठवलं तर पुढची ऑर्डर जाईल." ती भीती खोटी नाही, आणि कुठलाही कायदा ऑर्डर परत आणून देत नाही. म्हणून भाषा थंड ठेवा. पत्रात राग नको आणि विनवणीही नको. पगाराचा उल्लेखही काढा, तो तुमचा घरचा विषय आहे. पर्चेसवाल्या साहेबांना आधी फोन करून सांगा की पत्र येतंय. आणि पत्र अकाउंट्सच्या प्रमुखांच्या नावे, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने आणि मेलनेही पाठवा. कारण कलम 22 प्रमाणे अशी थकबाकी आणि त्यावरचं व्याज ऑडिट होणाऱ्या वार्षिक हिशेबात दाखवावं लागतं, आणि कलम 23 प्रमाणे ते व्याज आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. पर्चेसवाल्याला हे पत्र कटकट वाटेल, अकाउंट्सवाल्याला मात्र त्याची नोंद घ्यावी लागते.

एक शेवटचं. बऱ्याचदा कंपनी मुद्दल सोडते आणि सोबत "पूर्ण व अंतिम" असा कागद सहीला पाठवते. तो न वाचता सही केली तर 52,809 तिथेच संपले असं समजा. व्याज सोडायचं असेल तर जरूर सोडा, पुढच्या ऑर्डरसाठी लोक सोडतातही. पण तो निर्णय घरात बसून, आकडा समोर ठेवून घ्या.

आज घरी गेलात की बाबांच्या फाइलमधलं एक जुनं चलन काढा आणि त्यावर शिक्का आणि तारीख आहे का बघा. नसेल, तर पत्र लिहिण्याआधी माल पोहोचल्याचा दुसरा पुरावा शोधावा लागेल. भेटू पुढच्या भागात.