शेवटची तारीख कशी काढायची?

पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीला पतसंस्थेच्या कर्जखात्यांचं काम मिळालंय, असं समजू. कामाचे तुकडे पाडले, प्रत्येकापुढे तास लिहिले, बेरीज आली 480. माणसं चार, ऑफिस आठ तासांचं, म्हणजे दिवसाला 32 तास. 480 भागिले 32, पंधरा दिवस. आठवडा पाच दिवसांचा. यंदा सोमवारी 17 ऑगस्टला सुरुवात केली, तर शुक्रवारी 4 सप्टेंबरला काम हातावेगळं! टीम लीड फोनवर ही तारीख देऊन मोकळा होतो. त्याचा भागाकार अचूक आहे. घोळ आहे तो 32 या आकड्यात.

आठ तासांत जेवण येतं, चहा येतो, सकाळची मीटिंग येते, ग्राहकाचा फोन येतो, शेजारच्याचं अडलेलं सोडवायला अर्धा तास जातो. त्यातून जे उरतात, ते कामाचे तास. कुणी मला पाचाहून मोठा आकडा सांगितला, की मी संशयानेच बघतो. पण माझ्या पाचावरही विसंबू नका. मागच्या महिन्यात तुमच्या टीमने पुरी केलेली कामं काढा, त्यांच्यापुढे अंदाजाचे जे तास लिहिले होते त्यांची बेरीज करा आणि माणसांच्या हजेरीच्या दिवसांनी भागा. येईल तो तुमचा खरा आकडा. मात्र माझाच पाच धरला आणि ‘हे बारा तासांचं काम’ म्हणणाऱ्याने मीटिंगा धरूनच बारा म्हटले असतील, तर तीच वजावट दोनदा होते. त्याला आधी विचारून घ्यावं.

आता माणसं मोजू. चौघांपैकी एक बाई अर्धा दिवस जुन्या ग्राहकांच्या तक्रारी निस्तरतात, म्हणजे त्यांचे अडीचच तास. बाकी तिघांचे पंधरा. दिवसाला साडेसतरा तास झाले. 11 सप्टेंबरपर्यंतच्या चार आठवड्यांत त्या हिशेबाने 350 तास भरतात. सोमवारी 14 तारखेला गणेश चतुर्थी. सुट्टी तर आहेच, शिवाय एकजण आठवडाभर कोकणात जाणार. ते त्याने जूनमध्येच सांगितलेलं असतं, फक्त कुणी लिहून ठेवलेलं नसतं. त्या आठवड्यात जेमतेम 50 तास हाती लागतात. पुढच्या शुक्रवारी, 25 तारखेला, अनंत चतुर्दशी, म्हणून त्या आठवड्यात 70. राहिले दहा तास, ते सोमवारी 28 सप्टेंबरला संपतात. चार तारखेवरून आपण थेट अठ्ठावीसवर आलो, आणि अजून कुणी आजारीही पडलेलं नाही.

पण ही तारीखसुद्धा खोटी असू शकते. बेरजेत सगळे तास सारखेच दिसतात, कुणी कुणाचंही काम उचलावं तसे. पतसंस्थेचा जुना डेटा नव्या प्रणालीत आणायला 90 तास लागणार आहेत, आणि त्या डेटाची खाचखळग्यांसकट माहिती आहे फक्त त्या तक्रारी सांभाळणाऱ्या बाईंना. दिवसाला अडीच तासांनी 90 तासांना 36 दिवस लागतात. गांधी जयंतीची सुट्टी धरून ते काम 8 ऑक्टोबरला संपतं, आणि खऱ्या डेटावरचं टेस्टिंग त्यानंतर! इथे पाचवा माणूस आणून काही साधत नाही, कारण त्याला शिकवायचे तास पुन्हा याच बाईंचे. आयबीएमच्या ओएस/360 या प्रचंड प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 सालीच लिहून ठेवलं, की उशीर झालेल्या कामावर नवी माणसं घातली की ते आणखी लांबतं. उपाय साधा आहे. पहिल्या दिवसापासून तक्रारींचे फोन टीममधल्याच दुसऱ्या कुणाकडे द्यायचे. टीमचे साडेसतरा तास तेवढेच राहतात, पण बाईंना दिवसाचे पाच तास मिळतात आणि डेटा 9 सप्टेंबरला तयार होतो. दुसरा माणूस फोनवर थोडा अडखळेल, ते सोसायचं. म्हणून बेरीज करण्याआधी यादीतल्या प्रत्येक कामापुढे ते करू शकणाऱ्यांची नावं लिहावीत. जिथे एकच नाव येईल, तिथे तारीख वेगळी काढावी.

ग्राहकाला 28 सप्टेंबर सांगायची का? मी नाही सांगणार. पहिल्या आठवड्यापुरता ‘सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा’ असा पट्टा सांगेन आणि शुक्रवारी 21 ऑगस्टला हिशेब पुन्हा मांडेन. त्या संध्याकाळी किती तास राबलो हे मोजायचं नाही. पुऱ्या झालेल्या कामांपुढे मुळात किती तास लिहिले होते, ते मोजायचं. ‘नव्वद टक्के झालंय’ अशा कामाला शून्य. अपेक्षा साडेसत्त्याऐंशीची होती आणि भरले 70, तर टीमचा वेग दिवसाला चौदा तासांचा आहे. उरलेल्या 410 तासांना त्याच चौदाने भागायचं. तारीख ऑक्टोबरात जाते, आणि ग्राहकाला फोन करायचा तो त्याच संध्याकाळी.