नाद : शब्द एक, अर्थ अनेक



तुम्ही आता वाचायला शिकलात. एस.टी.ची पाटी वाचता, तसे टेम्पोच्या पाठीमागचे वाक्यही वाचता. तिथे लिहिलेले असते, "आमचा नाद करायचा नाय!" अक्षरे सगळी ओळखीची. पण अर्थ काय? आज या एका 'नाद' शब्दाकडेच पाहू.

नाद म्हणजे आवाज. देवळातल्या घंटेचा तो घंटानाद. नाद म्हणजे वेडही. "त्याला पत्त्यांचा नाद लागला," असे आपण म्हणतो. हा नाद घर बुडवणारा. म्हणून आई पोराला सांगते, "हा नाद सोड."

आता बैलगाडा शर्यतीच्या घाटात चला. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला घाट दाखवायला नको. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली. घाटात पोरांच्या सदऱ्यावर वाचा : "नाद एकच, बैलगाडा शर्यत." इथे नाद ही लाजेची गोष्ट नाही. पोरं तो अभिमानाने मिरवतात. "आमचा नाद करायचा नाय" म्हणजे आमच्याशी बरोबरी करू नका. आणि गाडा जोरात पळाला, की पोरं ओरडतात, "नाद खुळा!" खुळा म्हणजे वेडा. पण इथे ती शाबासकी आहे.

समजा, पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचा फोनवर निरोप आला : "आई, माझं काम बघून साहेब म्हणाले, नाद खुळा!" आईने जुना अर्थ धरला, तर तिच्या पोटात गोळा येईल. पोराला कसला नाद लागला? पण तिने पुढची ओळ वाचावी. "पगार वाढवतो म्हणाले." रागावलेला साहेब पगार वाढवील का? म्हणजे ही शाबासकीच. शब्द अडला, तर मागची-पुढची ओळ वाचावी. तरी उलगडले नाही, तर पोरालाच विचारावे.

बोलताना आवाजही ऐकावा. "माझा नाद करू नको," असे मित्र हसत म्हणाला, तर ती थट्टा. बांधावरून भांडण चालू असताना कोणी म्हणाला, तर ती धमकी. म्हणून असे बोल समजून घ्यावेत, पण आपण वापरताना जपून वापरावेत.

हे बोल फार दिवस टिकत नाहीत. थोरली माणसे ते बोलू लागली, की पोरांना त्यांची गोडी राहत नाही. मग ती नवा बोल काढतात. झकास झाले, लय भारी झाले, नाद खुळा झाले. आता म्हणतात, "विषय हार्ड!" हार्ड म्हणजे कठीण, पण पोरांच्या तोंडी ती वाहवा!

म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज लिहिताना हे शब्द घालू नयेत. अर्ज कागदावर राहतो. दहा वर्षांनी तो दुसरा कोणी वाचेल. "रस्ता चांगला झाला," हे त्यालाही कळेल. "रस्ता नाद खुळा झाला," असे लिहिले, तर तो म्हणेल, रस्ता चांगला झाला की बिघडला?