जुन्या तासाचे संपादन कोणी करावे?

पिंपरी-चिंचवड ते चाकण या कारखानदारीच्या पट्ट्यात मायक्रोमीटर अचूक वाचता येणे अनेक कामांसाठी आवश्यक असते. समजा, इथल्या एका निवृत्त निदेशकांकडे या विषयाच्या तासाची जुनी कॅसेट आहे. तिचे संपादन कोणी करावे? तरुण तंत्रज्ञ ते लवकर करील, हे खरे. पण प्रश्नानंतरची शांतता त्याला रिकामी वाटेल आणि तो ती कापेल. विद्यार्थी त्याच वेळात उत्तर शोधत असतो, हे शिक्षकच जाणतो. शिवाय ध्वनिफितीत “ही रेघ बघा” एवढेच ऐकू येते, फळा दिसत नाही. तिथे निदेशकांनी नव्याने सांगावे लागते: मुख्य पट्टीवर ५.५, फिरत्या पट्टीवर २८, म्हणून माप ५.७८ मिलिमीटर.

निदेशकांना या वयात संपादनाचे तंत्र जमेल का? आधी मूळ प्रत जशीच्या तशी जपावी. मग बोलणे नसलेल्या जागेवरून खरखरीचा नमुना घेऊन ती थोडीच कमी करावी. काढून टाकलेला भाग ऐकावा. त्यात शब्द उमटत असतील, तर सफाई जास्त झाली. ही पारख कानाची आहे, आणि ती शिक्षकाकडे असते. म्हणून संपादन निदेशकांनीच शिकावे.