मिच्छामि दुक्कडं

पाहा मंडळी, पर्युषणाचा आठवा दिवस म्हणजे संवत्सरी. श्वेतांबर जैन त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसतात, वर्षभराचे दोष आठवतात आणि मग हात जोडून एकमेकांना म्हणतात, 'मिच्छामि दुक्कडं.' शब्द प्राकृत आहेत, बरं का! मिच्छा म्हणजे मिथ्या, मि म्हणजे माझे, दुक्कडं म्हणजे दुष्कृत. माझं दुष्कृत मिथ्या होवो, निष्फळ होवो! यात 'तुझं चुकलं' कुठंच नाही.

आणि मुदत वर्षाचीच का? वर्ष उलटूनही न विझलेला राग जैनशास्त्र सर्वांत चिवट मानतं. त्याचं नाव अनंतानुबंधी. तो आहे तोवर सम्यक् दर्शन नाही. म्हणून बांधावरून ज्या भावाशी अबोला धरलाय, आधी त्याच्या दारी जा. बाकीच्यांना मग म्हणा.