दंडाची पट्टी पिवळी निघाली, तर लेकराला काय खाऊ घालावे?



कपाशीची पाने पिवळी पडू लागली की तुम्ही बांधावरूनच ओळखता. पण घरातले लेकरू हळूहळू वाळत जाते, ते रोज डोळ्यांसमोर असल्याने कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून ते मोजावेच लागते.

भोकर तालुक्यातील एका गावात नर्सिंग शिकणाऱ्या आमच्या मुली घरोघर जाऊन लहान मुलांची तपासणी करीत होत्या. सोयाबीन काढणीचे दिवस होते. एका घरी आई खळ्यावर गेलेली आणि चौदा महिन्यांचा मुलगा आजीजवळ. आजी म्हणाल्या, "खातंय की बाई, दिवसभर तोंडात काहीतरी असतंच."

मुलींनी त्याचा डावा हात कोपरात वाकवून खांद्याचे टोक आणि कोपराचे टोक यांच्या मधोमध खूण केली. मग हात सैल सोडून तिथे रंगीत पट्टी गुंडाळली. पट्टी कातडीला टेकावी, पण आवळू नये. आवळली तर माप खोटे येते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंड साडेबारा सेंटिमीटर किंवा जास्त भरला तर हिरवा, साडेअकरापासून साडेबाराच्या आत पिवळा, आणि साडेअकराच्या खाली लाल. या मुलाचा दंड 11.9 भरला, म्हणजे पिवळा. अंगावरचे कपडे काढून वजन केले, ते 7 किलो 400 ग्रॅम.

मग दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहिले. खळगा राहिला असता तर ती सूज. सुजेमुळे वजन चांगले दिसते आणि माणूस फसतो, म्हणून ही परीक्षा कधी चुकवू नये. याला सूज नव्हती. ताप नव्हता, आणि समोर धरलेला घास त्याने खाल्ला. तेव्हा घरीच आहार सुधारावा असे ठरले.

आता आजींचे "काहीतरी" काय होते? वरणाचे वरचे पाणी, चहात बुडवलेले बिस्कीट आणि आईचे सकाळ-संध्याकाळचे दूध. एवढ्या मुलाच्या पोटात एका वेळी साधारण एक वाटीच मावते. ती पाण्याने भरली तर पोट भरते, अंग भरत नाही. खरी गोम इथेच आहे.

म्हणून घरचेच पीठ करायला सांगितले. ज्वारी चार वाट्या, मुगाची डाळ दोन वाट्या, शेंगदाणे एक वाटी. तिन्ही वेगवेगळे भाजून, दळून, कोरड्या डब्यात घट्ट झाकून ठेवायचे. बुरशी धरलेला, काळा पडलेला, कडू दाणा निवडून फेकून द्यावा. त्यात विष तयार होते, ते भाजून जात नाही. शिवाय अख्खा दाणा लहान मुलाला कधी देऊ नये, घशात अडकतो.

पोह्याचा चमचा भरून तीन चमचे पीठ (अंदाजे 30 ग्रॅम) पाण्यात कालवून चांगले शिजवावे. उतरवल्यावर लहान चमचाभर तेल आणि तेवढाच गूळ घालावा. चमचा तिरपा केला तर खीर चटकन ओघळू नये, इतकी घट्ट हवी. अशा एका वाटीत सुमारे 175 कॅलरी मिळतात. वरणाच्या पाण्यात त्याच्या पाव भागही क्वचितच. करडईचे तेल घरात असेल तर तेच चालते. त्यासाठी बाजारचा डबा आणायची गरज नाही.

ही खीर दिवसातून तीनदा. एकदा घट्ट वरणात कुस्करलेली भाकरी, तेल घालून. एकदा उकडलेले अंडे, नाहीतर केळे. आईचे दूध चालूच, चहा मात्र बंद. पहिले दोन-तीन दिवस अर्धी अर्धी वाटी द्यावी, मग वाढवावी. ताट वेगळे असावे. एका ताटात सगळी भावंडे बसली की धाकट्याच्या वाट्याला किती आले ते कळत नाही. अंगणवाडीतून मिळणारा आहारही असाच वाटला जातो आणि लेकरू तसेच राहते.

दर आठवड्याला वजन केले. पहिल्या दोन आठवड्यांत 300 ग्रॅम वाढले. तिसऱ्या आठवड्यात जुलाब लागले आणि वजन अडले. घरच्यांनी खाणे बंद करायचे म्हटले. मुलींनी ते करू दिले नाही. क्षारसंजीवनी, आशाताईकडून चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या, आणि खीर थोडी थोडी पण जास्त वेळा. चौथ्या आठवड्यात वजन 7 किलो 900 आणि दंड 12.3. अजून पिवळाच, म्हणून सगळे तसेच चालू ठेवले.

खाऊनही लागोपाठ दोन वेळा वजन वाढले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. आत क्षयरोगासारखे दुखणे असू शकते. आणि पट्टी लाल निघाली, दोन्ही पाय सुजले, लेकरू घास घेईना, सुस्त पडले किंवा सारख्या ओकाऱ्या काढू लागले, तर घरी तूप-खीर चारत बसू नये. इतक्या खंगलेल्या, आजारी शरीराला एकदम जड अन्न सोसत नाही, ते जिवावर बेतते. त्याच दिवशी भोकरच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. तिथे दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खास दूध देऊन सुरुवात करतात. वाटेत ऊब राहावी म्हणून लेकराला आईच्या अंगाशी धरून पांघरुणात घ्यावे, आणि वजनाचे कार्ड सोबत न्यावे.