वावर गेलं, पैसा आला : आता घाई कशाची?

(नागपूर जिल्हा बैठकीतील भाषण)



आपल्या घरात पैसा येतो तो हप्त्याहप्त्याने येतो आणि येण्याआधीच खर्चून झालेला असतो. कापूस विकला की कृषी केंद्राची उधारी, सोसायटी, किराणा. त्यामुळे एकदम तीस-चाळीस लाख हातात आले तर काय करायचे, याची सवय आपल्याला नाही. ती सवय कुठून असणार? पण अशी वेळ आपल्या जिल्ह्यात पुष्कळांवर आली. समृद्धी महामार्ग सुरू होतो तो आपल्या हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्यापासून. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यासाठी २०१७ पासून थेट खरेदीने जमिनी घेतल्या गेल्या. चौपट मोबदला आणि वर २५ टक्के, म्हणून लोक त्याला पाचपट म्हणू लागले. खरेदीखतावर सही झाली की रक्कम सरळ बँकेच्या खात्यात. रस्ता जून २०२५ मध्ये पुरा झाला. पण कालवा, रेल्वे, वीजवाहिनी, दुसरा रस्ता यांसाठी जमिनी जातच राहणार. कुणाला बापाच्या विम्याची रक्कम मिळेल, कुणाचा मुलगा निवृत्त होऊन एकदम पैसे आणेल. हिशेब सगळ्यांना एकच लागू आहे.

मोबदला किती मिळावा, हा आजचा विषय नाही. मिळालेल्या पैशाचे काय करावे, एवढेच बोलायचे आहे. पहिली गोष्ट ही की मोबदला म्हणजे उत्पन्न नव्हे. ते तुमचे वावरच आहे, फक्त कागदावर उतरलेले. वावरातले पीक खायचे असते, वावर खायचे नसते. मग या कागदी वावराचे पीक कोणते आणि ते किती खाता येते, एवढाच प्रश्न उरतो.

त्याच्याही आधी हा पैसा आपला किती, ते पाहा. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव असेल, वारसनोंद राहिली असेल, तर खात्यात आलेली सगळी रक्कम एका भावाची होत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने तो मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. बहिणीचा हिस्सा बाजूला न काढता घर बांधले, गाडी घेतली, तर दोन वर्षांनी नोटीस येते आणि तेव्हा पैसा उरलेला नसतो. हिस्से आधी मोकळे करा, कागदावर लिहून घ्या, मग पुढचे बोला.

आता एक हिशेब मांडू. आकडे समजायला सोपे जावेत असे घेतले आहेत, तुम्ही आपापले घाला. पाच एकर कोरडवाहूवाला शेतकरी. दोन एकर रस्त्यात गेले आणि सगळ्यांचे हिस्से देऊन त्याच्या वाट्याला ४० लाख आले.

पहिले सहा महिने त्याने काय करायचे? काहीच नाही. पण पैसा बचत खात्यात पडू द्यायचा नाही, कारण तिथे व्याज तोकडे मिळते आणि गावातल्या प्रत्येकाला ती रक्कम दिसते. तीन किंवा सहा महिन्यांची मुदत ठेव करायची. मुदत ठेवीचा मोठा फायदा असा की उसने मागणाऱ्या पाहुण्याला खरे उत्तर देता येते : पैसे अडकले आहेत.

ठेव कुठे ठेवावी, हेही पाहावे लागते. बँक बुडाली तर विमा मिळतो तो एका माणसाला एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत. त्याच बँकेच्या चार शाखांत चार ठेवी केल्या तरी विमा एकच. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिल्या आदेशात ठेवीदाराला हजार रुपयेच काढायची मुभा होती, हे विसरू नका. म्हणून मोठी रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टात ठेवा आणि लहान बँकेत ५ लाखांच्या आत राहा. पतसंस्थेला हा विमा लागूच नाही. तिथे अर्धा-एक टक्का जास्त मिळतो, तो या जोखमीचा मोबदला आहे.

कराची भीती घालून कुणी घाई करवील. गावखेड्यातल्या शेतजमिनीच्या मोबदल्यावर प्राप्तिकर नाही. शहराच्या हद्दीजवळची जमीन असेल तर सनदी लेखापालाला एकदा विचारून घ्या. पुढे जे व्याज मिळेल ते मात्र उत्पन्नात धरले जाते. तुम्ही करपात्र नसाल तर बँकेत दरवर्षी तसे घोषणापत्र भरा, नाहीतर बँक व्याजातून कर कापून घेईल.

सहा महिन्यांत काय करायचे? एक वही करायची आणि तिच्यात प्रत्येक गोष्ट एकाच मापाने मोजायची. हे माप म्हणजे शेकडा वर्षाला किती. सावकाराने आपल्याला हे माप चांगले शिकवले आहे, आता ते आपल्या बाजूने वापरू.

आपल्या शेतकऱ्यावर सावकाराचे दीड लाख आहेत, महिन्याला तीन रुपये शेकडा. म्हणजे वर्षाला ३६ टक्के, ५४,००० रुपये. ट्रॅक्टरचे अडीच लाख आहेत ११ टक्क्यांनी, म्हणजे २७,५०० रुपये. ही दोन्ही कर्जे फेडली की ४ लाख जातात आणि वर्षाचे ८१,५०० रुपये वाचतात. असे व्याज कोणतीही ठेव देणार नाही. म्हणून ही देणी सहा महिनेही थांबवू नयेत, पैसा आला की पहिल्या आठवड्यात फेडावीत. सावकाराकडून कोरा कागद आणि खरेदीखत परत घ्यायला विसरू नका. पीककर्जाचे मात्र उलटे आहे. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत भरले तर सवलती जमेस धरता व्याज जवळपास शून्य पडते. ते वेळेवर भरायचे आणि पुन्हा उचलायचे. स्वस्त कर्ज बंद करून स्वतःचा महाग पैसा बियाण्या-खतात घालण्यात शहाणपण नाही.

उरले ३६ लाख. मुलीचे लग्न, घराचे छप्पर, मोटारसायकल यासाठी घरातल्या सगळ्यांनी, बायकांनीसुद्धा, एकत्र बसून एक आकडा ठरवायचा. समजा ६ लाख. त्याची वेगळी ठेव करायची आणि ती संपली की खर्च बंद. खर्च केल्याने कोणी बुडत नाही. खर्चाचा आकडा आधी ठरलेला नसला की बुडतो.

उरले ३० लाख. हे आपले कागदी वावर. साडेसहा टक्के व्याज धरले तर वर्षाला १,९५,००० रुपये. वाटते की एवढे सगळे खायला मोकळे! इथेच भले भले फसतात. महागाई वर्षाला ५ टक्के धरा. आजच्या ३० लाखांची किंमत पुढल्या वर्षी तेवढीच राहायची तर दीड लाख रुपये परत मुद्दलात घालावे लागतात. खरे पीक उरते ४५,००० रुपये. सगळेच व्याज खाल्ले तर चौदा-पंधरा वर्षांत बाजारभाव दुप्पट होतात. तुमचे ३० लाख आकड्याने तेवढेच राहतात आणि मोलाने १५ लाख होतात. वावर अर्धे विकून खाल्ल्यासारखे ते झाले, फक्त धुरा कुठे सरकला ते दिसले नाही.

४५,००० थोडे वाटतात? गेलेल्या दोन एकरांचा हिशेब करा. एकरी पाच क्विंटल कापूस, ७,००० भाव, म्हणजे दोन एकरांचे ७०,००० रुपये. नांगरणी, बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी यांचे ४४,००० वजा केले तर २६,००० उरतात, तेही पाऊस आला तर. तेव्हा ४५,००० हे नुकसान नाही.

आता सगळ्यांच्या मनातली गोष्ट, दुसरी जमीन घेणे. रस्त्याचे पैसे आले की आजूबाजूच्या वीस गावांत जमिनीचे भाव चढतात, कारण विकणाऱ्यालाही तुमच्या खात्यातला आकडा ठाऊक असतो. एकरी १५ लाखांनी जमीन घेतली आणि तिच्यात १३,००० रुपये उरले तर शेकडा एकसुद्धा पडत नाही. ती घ्यायचीच तर गर्दी ओसरल्यावर, दोन तालुके पलीकडे पाहून, विहिरीचे पाणी मे महिन्यात डोळ्यांनी पाहून, सातबाऱ्यातले 'इतर हक्क' आणि मागचे फेरफार वाचून घ्या. वर्ग दोनची जमीन असेल तर परवानगीशिवाय इसार देऊ नका. ज्यांची सगळीच जमीन गेली त्यांची गोष्ट वेगळी आहे. आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही, म्हणून त्यांनी जुना सातबारा आणि संपादनाचे कागद दागिन्यासारखे जपावेत.

उरलेल्या तीन एकरांत पाणी आणण्याचा हिशेबही त्याच मापाने करा. विहीर आणि पंप मिळून ४ लाख लागले तर त्यावरचे २६,००० रुपये व्याज दरवर्षी जाते. पाण्याच्या दोन पाळ्यांनी एकरी दोन क्विंटल कापूस वाढला तर तीन एकरांत सहा क्विंटल, म्हणजे ४२,००० रुपये. वेचणी-विजेचे सहा हजार गेले तरी ३६,००० उरतात, शेकडा नऊ. पण शेजारच्या विहिरी मार्चलाच आटत असतील तर हाच हिशेब शून्य होतो.

आणि शेवटी तो माणूस, जो गोड बोलत दारात येतो आणि पैसे दुप्पट करून देतो म्हणतो. त्यालाही हेच माप लावा. एप्रिल २०२३ मध्ये सरकारने किसान विकास पत्राची दामदुपटीची मुदत ११५ महिने ठरवली, म्हणजे साडेनऊ वर्षे, शेकडा साडेसात. तीन वर्षांत दुप्पट म्हणणारा वर्षाला २६ टक्के सांगतो आहे. २६ टक्के खात्रीने मिळवता येत असते तर त्याने बँकेतून ११ टक्क्यांनी कर्ज काढले असते, तुमच्या ओसरीवर आला नसता. नागपुरात २०१३ मध्ये श्रीसूर्या आणि २०१४ मध्ये वासनकर या प्रकरणांत ठेवीदारांच्या तक्रारींवरून गुन्हे नोंदले गेले, आणि त्या ठेवीदारांत शिकलेसवरलेले पुष्कळ होते. पहिले दोन-तीन हप्ते वेळेवर येतात, ही खात्रीची खूण समजू नका. बहुतेक वेळा ते पुढच्या माणसाच्या मुद्दलातून आलेले असतात.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर तीन आकडे लिहा : महाग कर्ज किती, ठरवलेला खर्च किती, वावर किती. तिसऱ्या आकड्याला हात लावायची वेळ आली तर त्याच्यापुढे शेकडा किती ते लिहा आणि घरातल्या दोघांच्या सह्या घ्या. सही करायला कुणी तयार नसेल तर तो सौदा त्या वर्षी करू नका.